पोहून आल्यावर केसांचा गुंता

मुलगी आठवड्यातून तीनदा पोहायला जाते. केस झाडूसारखे झालेत, गुंता सुटत नाही. काय करू?

पाण्यात उतरण्याआधी शॉवरखाली केस पूर्ण भिजवा. साधं पाणी प्यायलेला केस तलावाचं क्लोरीनवालं पाणी कमी शोषतो. मग टोकांना अर्धा चमचा खोबरेल लावून सैल वेणी घाला आणि वर टोपी. टोपीत पाणी शिरतंच, पण केस मोकळे राहून एकमेकांवर घासत नाहीत. खरा गुंता त्या घासण्यानेच होतो.

बाहेर आल्यावर केस वाळू देऊ नका, लगेच धुवा. शाम्पू टाळूला, कंडिशनर कानाखालच्या केसांना. तो 2-3 मिनिटं ठेवून, केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकं सोडवा, मग थोडं थोडं वर सरकत विंचरा. मुळापासून एकदम खाली ओढलंत तर गाठ घट्ट होते आणि केस तुटतो.