ट्रेडची नोंद कधी करायची?

«प्रत्येक ट्रेडचं कारण, स्क्रीनशॉट, चार्जेस आणि मनःस्थिती लिहायची, पण कधी?»

कारण आणि मनःस्थिती ऑर्डर टाकण्याआधी लिहा. निकाल दिसल्यावर मन कारण बदलतं आणि ‘घाई झाली होती’ हे तोट्यातच आठवतं. स्क्रीनशॉट एन्ट्रीच्या क्षणी घ्या, स्टॉपलॉसची रेघ दिसू द्या. चार्जेस मात्र रात्री काँट्रॅक्ट नोटवरूनच भरा. इंट्राडेत ₹२०० चे ५०० शेअर घेऊन ₹२००.४० ला विकले, तर नफा ₹२०० दिसतो. ऑर्डरमागे ₹२० ब्रोकरेज धरलं तर एसटीटी, जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी धरून सुमारे ₹८२ जातात. दिवसात बरेच ट्रेड करणाऱ्यांनी हा रकाना आधी बघावा. स्काल्पिंगमध्ये मात्र दरवेळी लिहायला सवड नसते. तिथे सेटअपचा ठरलेला कोड आणि मनःस्थितीला १ ते ५ आकडा पुरे.