मूळ लेखकाला मेल करताना बदलांचा तक्ता आधी जोडा

प्रश्न: एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी एका परदेशी प्राध्यापकांची छापून आलेली प्रश्नावली मराठीत करून वापरायची आहे, दोन-तीन प्रश्न बदलायचेही आहेत. लेखकांना मेल करावीच लागते का? काय लिहू?

करावीच लागते. गाइडने "संदर्भसूचीत नाव टाकलं की झालं" असं सांगितलं असेल तरीही. हे वाक्य मी मिरजेत शिकत असताना रोज ऐकलंय आणि त्यावरून माझा गाइडशी उघड वाद झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा विषय होता पक्षाघात झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांवरचा ताण. वाळवा आणि कवठेमहांकाळकडची कुटुंबं घेतली होती. काळजी घेणारी म्हणजे बहुतेक घरांत सूनच. निवडलेलं टूल सव्वीस प्रश्नांचं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. म्हणजे एकूण गुण १०४ पर्यंत जाणार, आणि ४६ च्या पुढे ताण तीव्र समजायचा. तीन प्रश्न आपल्याकडे बसत नव्हते. एकात मित्रांबरोबर रेस्टॉरंटला जाणं कमी झालं का, असं विचारलं होतं. दुसरा रुग्णाच्या बँकेच्या आणि विम्याच्या कागदपत्रांचा. तिसरा नवरा-बायकोच्या खासगी संबंधांवर, आणि तो सासूबाई शेजारी बसलेल्या असताना विचारायचा.

गाइड म्हणाले, तिन्ही काढून टाक, तेवीस प्रश्नांवर काम कर. लेखकांना विचारायचंच असेल तर लेटरहेडवर "आपलं टूल वापरण्याची परवानगी द्यावी" एवढी एक ओळ पाठव. मी नकार दिला. तीन प्रश्न गेले की एकूण गुण ९२ वर येतात. मग ४६ ची रेषा कुठून आणणार? ती रेषा सव्वीस प्रश्न विचारून काढलेली असते. तेवीस प्रश्नांच्या बेरजेला ती लावली तर तीव्र ताण असलेल्या कितीतरी बाया मध्यम गटात पडतील, आणि आकडे बघून ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय एका ओळीच्या मेलला लेखक "हो" म्हणाले, तर ते "हो" त्यांनी छापलेल्या टूलला असतं. आपण मनात ठरवलेल्या काटछाटीबद्दल त्यांना काहीच माहीत नसतं.

मी माझी मेल लिहिली ती अशी. विषयाच्या ओळीतच टूलचं नाव, "मराठी भाषांतर व बदल" आणि "परवानगी" हे शब्द घातले. पहिल्या परिच्छेदात मी कोण, कुठल्या कॉलेजची, गाइड कोण, अभ्यास कुणावर, अंदाजे किती जणांवर, आणि याला कुणाचाही निधी नाही, हे सांगितलं. त्यांचा नेमका कुठला लेख, कुठल्या वर्षाचा, हेही लिहिलं, कारण एकाच टूलच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. मग चार गोष्टी वेगवेगळ्या मागितल्या: वापरण्याची परवानगी, मराठीत भाषांतराची, बदलांची, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात पूर्ण टूल छापण्याची. सोबत एक पानाचा तक्ता जोडला. त्यात मूळ प्रश्न, सुचवलेला बदल आणि बदलाचं कारण, असे तीन रकाने. शेवटी दोन प्रश्न विचारले. गुण देण्याची अधिकृत पद्धत मिळेल का, आणि मराठीवर आधीच कुणी काम करतंय का?

उत्तर लवकर आलं आणि ते फार मोलाचं होतं. वापर आणि भाषांतर मान्य, प्रश्न काढणं अमान्य. रेस्टॉरंटच्या जागी लग्न-बारसं, हळदीकुंकू, जत्रा अशी उदाहरणं चालतील, पण "लोकांत जाणं कमी झालं" हा प्रश्नाचा गाभा हलायला नको. बँकेचा प्रश्न तसाच ठेवा. ज्या सुनेकडे ते काम नाही ती "कधीच नाही" म्हणेल, आणि तेही उत्तरच आहे. खासगी संबंधांचा प्रश्न शेवटी घ्या, तोंडी विचारू नका, बाईला स्वतः खूण करू द्या, आणि किती जणींनी तो कोरा सोडला ते प्रबंधात नोंदवा. मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत उलट-भाषांतर झालं की ते पाठवा, असंही म्हणाले. परिशिष्टाबद्दल मात्र त्यांनी हात वर केले, कारण त्या लेखाचा कॉपीराइट नियतकालिकाच्या प्रकाशकाकडे होता. तिथे वेगळा अर्ज केला. लेखक हो म्हणाले म्हणजे प्रकाशकही हो म्हणाला, असं धरून चालू नका.

गाइडना हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं म्हणणं, इतक्या लांब कोण बघतंय? पण बघतात. औषधं नियमित घेण्याबद्दलचं मोरिस्की स्केल परवाना न घेता वापरलं म्हणून संशोधकांकडे नंतर पैशांची मागणी झाली आणि छापलेले लेख मागे घ्यावे लागले, हे जगजाहीर आहे. आमच्याच विभागात एका मुलीने "वापरायची" परवानगी घेऊन प्रश्न गाळले होते. तिच्या लेखावर संपादकांनी बदलांची परवानगी मागितली, तेव्हा डेटा कलेक्शन कधीच संपलेलं होतं. म्हणून मेल सिनॉप्सिसच्या आधी करा. एथिक्स कमिटीला उत्तराची प्रत जोडता येते, आणि लेखकांनी नाही म्हटलं तर टूल बदलायला वेळ राहतो.

पत्ता जुना असेल तर मेल परत येते. त्या लेखकाचा सगळ्यात अलीकडचा लेख शोधा, त्यावर चालू पत्ता असतो. नाहीतर सहलेखकाला लिहा. दोन आठवड्यांनी त्याच मेलखाली एक छोटी आठवण पाठवा. उत्तर आलंच नाही तर त्याला होकार समजू नका. लेखक हयात नसतील तर प्रकाशकाला किंवा त्यांच्या संस्थेला विचारा.

आता एक गोष्ट, जी खरं तर आधी सांगायला हवी होती. प्रत्येक टूलला मेल लागत नाही. नैराश्याचं पीएचक्यू-९ वापरायला आणि भाषांतराला परवानगी लागत नाही, तसं त्यावरच लिहिलेलं असतं. उलट स्मरणशक्तीच्या तपासणीचं एमएमएसई विकत घ्यावं लागतं, तिथे लेखकाला मेल करून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमान प्रश्नावलीसाठी संघटनेकडेच विनंती करायची असते. त्यामुळे आधी टूलचं स्वतःचं पान आणि मूळ लेखाची तळटीप वाचा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर मेल करा.

आणि परवानगी मिळाली म्हणजे तुमचं मराठी टूल सिद्ध झालं असंही नाही. दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट-भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, मग तीसेक जणांवर चाचणी, हे सगळं करावंच लागतं. मेलमध्ये हा क्रम दोन ओळींत लिहा, लेखक त्यावरूनच तुमची तयारी जोखतात. तुमच्यानंतरच्या मुलींना ही मराठी आवृत्ती देता येईल का, तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या. मी विचारलं होतं. लेखकांनी सांगितलं की प्रत्येकीने आपली वेगळी परवानगी मागायची, आणि आजही माझ्याकडे कुणी ते टूल मागितलं की मी आधी त्यांचा पत्ता देते.