साखर सोडली, गूळ धरला, तरी तीन महिन्यांची शुगर वाढलीच कशी?

"मॅडम, सहा महिने झाले साखर घरात आणलेली नाही. चहात गूळ, सकाळी लिंबू-मध, गोड खावंसं वाटलं की खजूर, सगळं नैसर्गिकच आहे. गोळी रोज घेते, चालतेही. तरी तीन महिन्यांची शुगर ७.४ वरून ८.३ वर गेली. माझं चुकतंय कुठे?"

हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, बाकी तोच. या काकू छप्पन्न वर्षांच्या, आठ वर्षांपासून टाइप टू डायबिटीस, अगदी शिस्तीच्या, वहीत सगळं लिहून ठेवणाऱ्या. वहीत "दर चहाला गूळ १ खडा, मध २ चमचे, खजूर ४" असं रोजचं लिहिलेलं होतं, पण खडा म्हणजे केवढा ते वहीवरून कळेना. म्हणून मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी घरचा गुळाचा डबा, मधाची बाटली आणि तुम्ही वापरता तोच चमचा घेऊन या.

त्या आल्या आणि आम्ही टेबलावर छोटा वजनकाटा मांडला. आधी साखर घेतली. चहाचा चमचा सपाट भरला तर साधारण ४ ग्रॅम साखर, म्हणजे ४ ग्रॅम कार्ब आणि १६ कॅलरी. काकू पूर्वी घालायच्या तसा शिगोशीग भरला तेव्हा काटा ६ वर गेला. मग म्हटलं, आता चहात टाकता तेवढा गूळ काढा. त्यांनी डब्यातून सुरीने एक तुकडा फोडला, बघायला सुपारीपेक्षा थोडाच मोठा, आणि काट्यावर ठेवला. १२ ग्रॅम! काकू म्हणाल्या, "एवढासा तर आहे हो." पण गूळ घट्ट बसलेला असतो ना, दिसायला छोटा आणि वजनाला भारी. आणि त्यांनीच मग कबूल केलं की गुळाचा चहा साखरेइतका गोड लागत नाही म्हणून सुरुवातीला छोटा खडा होता तो हळूहळू मोठा झाला.

गुळात साखरेपेक्षा कार्ब थोडं कमी असतं हे खरंय, कारण त्यात थोडं पाणी आणि थोडे क्षार असतात. १०० ग्रॅम साखरेत जवळजवळ १०० ग्रॅम कार्ब, तर गुळात ८५ ते ९५च्या आसपास. किसलेला गूळ चमच्यात सपाट भरला तर सुमारे ५ ग्रॅम बसतो, म्हणजे साडेचार ग्रॅम कार्ब आणि १८-१९ कॅलरी. साखरेच्या चमच्याशी जवळपास बरोबरीच झाली की. काकूंचा गूळ गावाकडच्या गुऱ्हाळातला, केमिकल न घातलेला, काळपट. तो चांगलाच आहे, पण रंग काळा झाला म्हणून त्यातली साखर कमी होत नाही. लोह मिळतं म्हणाल तर एका चमच्यातून मिलिग्रॅमचा छोटासा अंश मिळतो आणि बाईला दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅमच्या घरात. लोहासाठी गूळ खायचा तर किती खावा लागेल बघा, त्यापेक्षा पालेभाजी आणि कडधान्यावर लिंबू पिळून खाल्लेलं बरं.

मधाची गंमत तर आणखी वेगळी आहे. वजनाला वजन धरलं तर मध साखरेपेक्षा हलका, १०० ग्रॅमला साधारण ३०० कॅलरी, साखरेला ४०० च्या आसपास. लोक हाच आकडा वाचतात आणि खूश होतात. पण आपण मध ग्रॅमने खात नाही, चमच्याने खातो, आणि मध दाट असल्याने त्याच चमच्यात ४ ऐवजी ७ ग्रॅम बसतो. म्हणजे पावणेसहा ग्रॅम कार्ब, २१ कॅलरी, साखरेच्या सपाट चमच्यापेक्षा जास्तच. वर तो चमच्याला फुगून चिकटतो, काकूंचा चमचा तर ९ ग्रॅमचा निघाला. मी त्यांना विचारलं, शुगर एकदम खाली जाऊन घाम फुटला, हातपाय थरथरले तर काय घेता? म्हणाल्या, "साखर नाहीतर मध." मग तोच मध सकाळी लिंबूपाण्यात गेल्यावर शुगर वाढवणार नाही असं कसं होईल? काकू दोन मिनिटं गप्पच बसल्या.

खजुराला मी जरा वेगळं धरते. तो अख्खं फळ आहे, त्यात फायबर असतं, चावावा लागतो, त्यामुळे शुगर साखरेच्या मानाने हळू चढते. पण हळू चढते म्हणजे चढत नाही असं नाही. नेहमीचा मध्यम खजूर बी काढून ८ ग्रॅमचा धरला तर त्यात ६ ग्रॅम कार्ब आणि २२-२३ कॅलरी, म्हणजे एक खजूर म्हणजे दीड चमचा साखर. ते मोठे गुबगुबीत मेडजूल मिळतात ना, त्यातल्या एकाच खजुरात १८ ग्रॅम कार्ब असतं. आणि खजुराचं सिरप म्हणजे खजूर नव्हे, फायबर बहुतेक निघून गेलेलं असतं, त्याला मधाच्याच रांगेत बसवा.

मग काकूंचा अख्खा दिवस मांडला. पूर्वी तीन चहा, प्रत्येकी शिगोशीग चमचा साखर, म्हणजे १८ ग्रॅम कार्ब. आता गुळाचे तीन खडे ३२ ग्रॅम, मधाचे दोन चमचे १५ ग्रॅम, चार खजूर २४ ग्रॅम, मिळून ७१! जवळजवळ चौपट. वाढलेले ५३ ग्रॅम म्हणजे रोज अडीच पोळ्या जास्त खाल्ल्यासारखं झालं, आणि वहीत कुठेही "साखर" हा शब्द नाही. काकूंच्या डोळ्यात पाणी आलं, सहा महिने जीव मारून साखर सोडलेली होती ना. मी त्यांना म्हटलं, तुमची मेहनत खोटी नाही, फक्त मोजमाप चुकलं.

पुढे काय केलं ते सांगते. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्या तीन महिने होत्या तशाच ठेवल्या (गोळी आपल्या मनाने कमीजास्त करू नका, प्लीज). सकाळचा मध बंद, नुसतं लिंबूपाणी. चहा तीनाचे दोन, आणि गूळ हवाच म्हणाल्या म्हणून किसून ठेवायला सांगितला, अर्धा सपाट चमचा, गॅस बंद केल्यावर घालायचा म्हणजे दूध फाटायची भीतीही कमी. पहिले दहा दिवस चहा पाणचट लागला, मग जिभेला सवय झाली. खजूर चाराचा एक, तोही मधल्या वेळी चारपाच बदामांबरोबर, जेवणानंतर नाही. दिवसाचं गोडाचं कार्ब ११ ग्रॅमच्या आसपास आलं. दोनदा नातवाच्या वाढदिवसाला वगैरे मोडलं, तेही वहीत लिहिलं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला ७.५. मध्येच तपासण्यात अर्थ नव्हता, त्या टेस्टमध्ये मागच्या दोनतीन महिन्यांचं सरासरी चित्र असतं. परवा काकूंचा फोन आला, संक्रांतीला "बिनसाखरेचे" खजूर-ड्रायफ्रूट लाडू करू का म्हणून. मी विचारलं, एका लाडवात खजूर किती? त्या लगेच म्हणाल्या, "थांबा, वजन करून सांगते." तीन खजूर निघाले. म्हटलं, मग त्या दिवशी अर्धा लाडू, आणि रोजचा खजूर नाही.