दुधाच्या कॅलेंडरवरची लाल टिंबं

ताई, नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, पीथमपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. आमच्या विभागातला एक सहकारी माझ्या गूगल शीटमधल्या गाड्यांच्या वेळा आणि नगांचे आकडे मला न विचारता बदलतो. मग देवास नाक्याचा ट्रान्सपोर्टवाला मलाच बोलतो. रात्री घरी बसून मी सगळं परत नीट करते. एचआरला मेल लिहायला घेतला, तीन पानं झाली, वाचून मलाच रडू आलं. पाठवला नाही. तो माझ्यावर का जळतो, कळत नाही. असं झालं की स्वयंपाकघरातल्या दुधाच्या कॅलेंडरवर मी लाल टिंब करते, बस. काय करू?
— एक वाचक

ती तीन पानं राहू देत. मला ते कॅलेंडर हवंय. त्यावर किती टिंबं आहेत, हेसुद्धा तू लिहिलं नाहीस! समज, अकरा आहेत.

आज रात्री जेवणं उरकली की कॅलेंडर खिळ्यावरून काढ आणि लॅपटॉपशेजारी ठेव. टिंबावरून एवढंच कळतं की त्या दिवशी तू दुखावलीस. काय घडलं ते शीटला ठाऊक आहे. बदललेल्या घरावर उजवं क्लिक करून `Show edit history` उघड. आधीचा आकडा, नवा आकडा, कुणाच्या खात्यातून, किती वाजता, सगळं समोर येईल. आख्खी ओळ उडवली असेल तर ते तिथे दिसणार नाही, त्यासाठी `File` मधल्या `Version history` त जा. जे सापडेल त्याचा स्क्रीनशॉट घे, पण तो ऑफिसच्याच खात्यात ठेव. ऑफिसची माहिती स्वतःच्या जीमेलवर पाठवलीस तर चौकशी तुझी सुरू होईल. आणि पुरावा म्हणून शीटची कॉपी करून ठेवू नकोस, कॉपीत जुना इतिहास येत नाही.

अकराच्या अकरा टिंबं टिकणार नाहीत. एखाद्या दिवशी त्याने फोनवर विचारलं असेल आणि तू घाईत हो म्हणाली असशील. एखाद्या दिवशी चूक तुझीच निघेल. ती टिंबं सोडून दे, अगदी मनाला लागली असली तरी. मी बरीच वर्षं पर्सनल विभागात काढली. एक नोंद खोटी ठरली की उरलेल्या दहा कुणी नीट वाचत नाही.

मग मेल असा लिही. इंग्रजीत लिहिलास तरी मजकूर हाच.

«विषय: डिस्पॅच शीटमधील बदल, ४ ते ११ नोव्हेंबर

४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१२. पुण्याच्या गाडीचे नग २४० चे १८० झाले. बदल श्री. अ. यांच्या खात्यातून झाला. मला आधी कळवलेलं नव्हतं. गाडीत १८० नग भरले गेले, उरलेले ६० दुसऱ्या दिवशी वेगळ्या गाडीने पाठवले.

५ नोव्हेंबर. बदलाआधी मला सांगावं, असं मी त्यांना समक्ष सांगितलं.

११ नोव्हेंबर, रात्री ८.०५. नागपूरच्या गाडीची वेळ सकाळी ७ ची १० झाली. खातं तेच. मी रात्री १०.४० ला ती पुन्हा ७ केली.

या शीटमध्ये बदल कोणी करायचे, हे लेखी ठरवून द्यावं, ही विनंती. स्क्रीनशॉट जोडले आहेत.»

«त्यांच्या खात्यातून बदल झाला» हे शब्द नीट बघ. «त्यांनी मुद्दाम बदललं» असं लिहिलंस की तो आरोप झाला आणि मुद्दाम होतं हे तुला सिद्ध करत बसावं लागेल. त्याला ते आकडे वरून कुणी बदलायला सांगितले असतील तर? तसं निघालं तरी ही नोंद खरीच राहते. «नेहमी», «सतत» हेही काढ, तिथे तारखा आहेत. जळतो की नाही, हे मेलमध्ये येऊच देऊ नकोस.

आता माझा राग. तू रात्री गुपचूप सगळं नीट करून ठेवतेस ना, तोच घात आहे. सकाळी गाडी वेळेवर सुटते, कारखान्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं, आणि शीटमध्ये शेवटचं नाव तुझं दिसतं. म्हणून १०.४० ची ती ओळ मेलमध्ये हवीच. तुझी रात्र त्या ओळीत आहे, पोरी.

हा त्रास लैंगिक स्वरूपाचा असता तर मी तुला अंतर्गत समितीकडे धाडलं असतं, आणि तेही तीन महिन्यांच्या आत. तुझ्या पत्रात तसं काही नाही, म्हणून एचआर.

मेल गेल्यावरही टिंब पडलंच, तर आधी स्क्रीनशॉट घे, त्याच मेलखाली तारीख-वेळेची एक ओळ जोडून पाठव, आणि मगच आकडा दुरुस्त कर.