दादाला नाही म्हणताना

"माझी छोटी बेकरी आहे. शाळेपासूनच्या मित्राने भागीदारीचं विचारलंय, पैसेही घालायला तयार आहे. मला भागीदार नकोच आहे, पण नाही म्हटलं की तो दुखावणार. दोन महिने काही ना काही सांगून वेळ मारून नेतोय. मैत्री न तोडता नाही कसं म्हणू? आणि खरं कारण किती सांगू?"

तुमचं पत्र वाचताना सातारा जिल्ह्यातल्या एक बाई डोळ्यांपुढे आल्या. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची गोष्ट सांगते, कारण तुम्ही आज जिथे अडकला आहात तिथेच त्या अडकल्या होत्या.

त्या कांदा-लसूण मसाला करतात. उन्हाळा लागला की मिरची वाळवायची, देठं काढायची, खोबरं-तीळ भाजायचे, कांदा तळायचा आणि डंकावर कुटून आणायचं. मदतीला गल्लीतल्या चार बायका. माल ठरलेल्या घरांत आणि पाच-सहा दुकानांत जातो, तोही रोखीने. त्यांचा आतेभाऊ पुण्यात किराणा मालाचा घाऊक व्यापार करतो. एका लग्नात भेट झाली तेव्हा तो म्हणाला, "मी आठ लाख घालतो, पुण्यातली दुकानं मी बघतो, तू फक्त मसाला कर. निम्मा-निम्मा नफा." प्रस्ताव चांगला होता आणि माणूसही चांगला. वडील गेल्यावर बाईंच्या कॉलेजची फी त्यानेच भरली होती, त्यामुळे 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना.

मग त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली. पहिलं कारण, "जीएसटीचं वगैरे मला काही कळत नाही, दादा." दादा म्हणाला, माझा सीए बघेल. दुसरं कारण, "मुलीची दहावी आहे." दादा म्हणाला, मग मार्चनंतर सुरू करू. तिसरं कारण आपल्या घराघरांत दिलं जातं, "ह्यांना विचारून सांगते." दादाने त्याच संध्याकाळी ह्यांनाच फोन लावला. ह्यांनी संकोचाने म्हटलं, "तुमचं बहीण-भावाचं तुम्ही ठरवा की." ती वाटही बंद झाली.

यात दादाचा काही दोष नव्हता. अडचण सांगितली की आपला माणूस ती सोडवायला धावतो. बाईंना वाटत होतं आपण नकार देतोय, आणि त्याच्या कानावर पडत होतं, "हे एवढं झालं की मी तयार आहे." तीन अडचणी त्याने दूर केल्या म्हणजे त्याच्या हिशेबी तीन वेळा होकार मिळाला. त्या भरवशावर त्याने २२ हजार रुपये खर्चून नव्या पाकिटांची लेबलं छापून घेतली आणि पुण्यातल्या ओळखीच्या दुकानदारांना "बहिणीबरोबर भागीदारीत मसाला आणतोय" असं सांगूनही टाकलं. लेबलांचा फोटो मोबाईलवर आला त्या रात्री बाईंना झोप लागली नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या.

मी त्यांना भागीदारी का नको याची सगळी कारणं कागदावर लिहायला सांगितली. सात निघाली. मग एकेका कारणावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, "हे दादाने उद्या सोडवलं, तर तुम्ही आनंदाने हो म्हणाल?" जीएसटी, जागा, मुलीची परीक्षा, मजूर, प्रवास. पाचही वेळा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि आम्ही ती पाच कारणं खोडली. जे कारण सोडवून उत्तर बदलत नाही, ते मुळात कारण नसतंच.

उरली दोन. पहिलं उधारीचं. दादाचा धंदा दीड-दोन महिन्यांच्या उधारीवर चालतो आणि बाईंना त्याची धास्ती होती. ती धास्ती अगदीच निराधार नव्हती. मी त्यांना एका वकिलांना भेटायला सांगितलं. १९३२ च्या भागीदारी कायद्यात एका भागीदाराने धंद्याच्या कामकाजात केलेला व्यवहार सगळ्यांना बांधतो, आणि देणं फिटलं नाही तर प्रत्येक भागीदाराच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत पोचतं. पण वकिलांनी पुढचंही सांगितलं. २००८ च्या कायद्याप्रमाणे एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था काढली तर भागीदाराची जबाबदारी मर्यादित राहते. म्हणजे हे कारण पुढे केलं असतं तर दादा आठवड्याभरात एलएलपीचे कागद घेऊन दारात उभा राहिला असता. शिवाय ते ऐकताना त्याला वाटलं असतं, माझ्या व्यवहारावर हिचा विश्वास नाही. कारण खरं होतं, तरी ते न सांगायचं ठरलं. एक खरं कारण सांगताना बाकीची मनात ठेवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे बाईंना पटायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या कारणाला त्यांना आधी शब्दच सापडत नव्हते. बोलता बोलता त्यांनी एका वळवाची गोष्ट सांगितली. गच्चीवर वाळत घातलेली मिरची रात्रीच्या पावसात भिजली. पुन्हा वाळवली, पण वास बदलला होता. भाजून दळली असती तर गिऱ्हाइकाला कदाचित कळलंही नसतं. त्यांनी साठ किलो मिरची टाकून दिली. "नुकसान झालं, पण कुणाला विचारावं लागलं नाही," असं म्हणाल्या आणि गप्प झाल्या. कारण तेच होतं. हा धंदा त्यांना एकटीच्या निर्णयाने चालवायचा होता. दादाने आठाचे पंधरा लाख केले, साठ-चाळीसची वाटणी दिली किंवा एलएलपी काढली, तरी निर्णय दोघांचा होणारच. हे कारण कशानेही सुटत नाही. आणि ते सांगताना दादाबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना घाईने करायला सांगितली. दादा दुकानदारांना भागीदारी म्हणून सांगत होता आणि बाई हे माहीत असून गप्प होत्या. आपल्याला कुणी भागीदार म्हणून पुढे करतंय हे ठाऊक असताना आपण ते चालू दिलं, आणि त्या भरवशावर कुणी उधार माल दिला, तर भागीदार नसतानाही ते देणं आपल्यावर येऊ शकतं. तोच १९३२ चा कायदा असं सांगतो. 'बघू, बघू' म्हणत थांबण्यातला हा धोका फार जणांच्या लक्षात येत नाही.

मग आम्ही शब्दांवर बसलो. बाईंनी पहिला मसुदा लिहून आणला तेव्हा त्यात 'सध्या तरी' दोनदा होतं आणि शेवटी 'पुढे बघू'. मी दोन्ही काढायला लावली. 'सध्या तरी' म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा विचार, असंच ऐकणारा समजतो. चार वेळा 'माफ कर' होतं, ते एकावर आणलं, आणि तेही नकाराबद्दल नाही तर उशिराबद्दल. नकार हा गुन्हा नाही. इतके दिवस त्याला आशेवर ठेवलं, ही चूक होती, आणि माफी तिचीच मागायची होती.

शेवटी हे ठरलं: "दादा, तू माझ्या कामाला एवढं मोल दिलंस, ते मी विसरणार नाही. पण मी भागीदारी करणार नाही. मसाल्याचे निर्णय मला एकटीलाच घ्यायचे आहेत, आणि ते बदलणार नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, उशीर केला त्याबद्दल माफ कर. लेबलांचे पैसे मी आज पाठवते. दुकानदारांना तू कळव, म्हणजे कुणाचा गैरसमज राहायला नको."

हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचं नाही, आत्याकरवी सांगायचं नाही आणि लग्नाकार्यात तर मुळीच नाही. ज्याने तोंडाने विचारलं त्याला तोंडानेच सांगायचं, आणि ते त्याच्या दुकानाच्या गर्दीच्या वेळी नको. बाईंनी सोमवारी दुपारी फोन केला.

दादाने ऐकलं आणि विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" हा प्रश्न येणार म्हणून आम्ही तयारी केली होती. इथे माणूस घाबरून नवी कारणं देऊ लागतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. बाई म्हणाल्या, "विश्वास आहे दादा. तुझ्या जागी दुसरा कुणीही असता तरी मी हेच म्हटलं असतं. निर्णय मला एकटीला घ्यायचेत." तो म्हणाला, मग तीस टक्क्यांवर ये, निर्णय सगळे तुझे. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. ती शांतता भरून काढायची नाही, हे त्यांना सगळ्यांत जड गेलं. शेवटी तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. २२ हजार त्यांनी तासाभरात पाठवले.

त्यांना त्याच फोनवर घाऊक भावात माल द्यायचं कबूल करायचं होतं. मी नको म्हटलं होतं. नकाराला लागूनच काहीतरी देऊ केलं की त्याची घासाघीस होते, आणि पुष्कळदा ते आपण त्याच्यासाठी नाही, आपल्या मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून देत असतो. महिनाभराने मनापासून वाटलं तर विचारा, असं ठरलं.

आता तुमचं. बेकरीच्या कारणांची यादी करा आणि प्रत्येकाला तो प्रश्न लावा. तुमचं उरलेलं कारण वेगळं असेल. कदाचित मित्राशी पैशाचं नातं नको, एवढंच असेल, आणि तेही पुरेसं आहे. दोन महिने टोलवलंत त्याची कबुली एका वाक्यात द्या. मात्र त्याने बेकरीत आधीच पैसे घातले असतील किंवा तुम्ही नफा वाटून घेत असाल, तर फोनच्या आधी वकिलांना भेटा. लेखी करार नसला तरी प्रत्यक्ष व्यवहार कसा चालला आहे त्यावरून भागीदारी होती असं ठरू शकतं. मग प्रश्न नुसत्या नकाराचा राहत नाही, हिशेब पुरा करून बाहेर पडण्याचा होतो.

बाईंचा दादा नंतर अडीच महिने बोलला नाही. आत्याने दोनदा टोमणा मारला. राखीला तो आला, अर्धा तास बसला, पावसाचं आणि भाचीच्या कॉलेजचं बोलला. निघताना चपला घालता घालता त्याने किलोचा भाव विचारला. त्यांनी बाकीच्या दुकानांना लावतात तोच सांगितला, रोखीचा. "कळवतो," म्हणाला. अजून कळवलेलं नाही, पण गणपतीला सगळ्यांना घेऊन जेवायला ये म्हणून त्याचा फोन आला होता, आणि त्या गेल्या होत्या.