चार पर्यायांच्या बाहेर

"मॅडम, जपानीची एन-थ्री परीक्षा पास होऊन वर्ष झालं. तीन वर्षं शनिवार-रविवार क्लास केला. पण इंटरव्ह्यूत जपानी माणूस समोर आला की तोंडातून वाक्यच निघत नाही. मला भाषा जमणारच नाही का? सोडून देऊ का?"

हा प्रश्न पुण्यात मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता मी आधी एकच गोष्ट मागते: निकालाचा कागद. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी ही एकोणतीस वर्षांची मुलगी तो घेऊन आली. १८० पैकी १०९. पास व्हायला ९५ लागतात.

"आता तीन भाग वेगवेगळे वाच."

"शब्द-व्याकरण ४८, वाचन ४१, ऐकणं... २०."

प्रत्येक भाग ६० गुणांचा असतो आणि प्रत्येकात किमान १९ मिळवावेच लागतात. म्हणजे ऐकण्यात ती एका गुणाने तरली होती. "पास" या शब्दाखाली ते वर्षभर झाकलं गेलं होतं. शिवाय एन-थ्री ज्या जेएलपीटी परीक्षेची पातळी आहे, तीत बोलण्याची परीक्षाच नसते, स्वतः वाक्य लिहायचंही नसतं. बहुतेक वेळा चार पर्यायांतून योग्य तो निवडायचा. ओळखण्यात ती तरबेज झाली होती. घडवण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. (जर्मनवाल्यांची अडचण वेगळी असते. गोएथे संस्थेच्या बी-वन परीक्षेत बोलणं हा स्वतंत्र भाग असतो आणि त्यात १०० पैकी ६० मिळवावेच लागतात. त्यामुळे ही उणीव तिथे निकालातच दिसते.)

मग मी इंटरव्ह्यूत नेमकं काय झालं ते विचारलं. पहिलाच प्रश्न होता, "ओसुमाइ वा दोचिरा देसु का?" तुम्ही कुठे राहता, एवढाच. पण क्लासात तिने हा प्रश्न "दोको नि सुंदे इमासु का" असा पाठ केला होता. आदराचं रूप कानावर आलं आणि ती गोंधळली. दोन वेळा "हाइ, हाइ" म्हणाली आणि गप्प झाली.

"पुन्हा सांगा, असं का नाही म्हणालीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "असं विचारता येतं?"

त्या क्षणी मला या प्रकरणाची किल्ली सापडली. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते. तीन वर्षं सराव करताना कान एकच शिकला होता: निसटलं ते गेलं, पुढच्याकडे वळा. समोर जिवंत माणूस बसला असतानाही ती परीक्षेच्या हॉलमध्येच होती. माणसात खोट शोधण्याआधी सवय कुठे लागली ते शोधावं, असं मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. इथे ती सवय स्पष्ट दिसत होती.

पुढच्या बैठकीत ऐकण्याचे दहा जुने प्रश्न घेतले. पर्याय झाकायचे, ऐकायचं, थांबवायचं, आधी मराठीत अर्थ सांगायचा आणि मग जपानीत उत्तर द्यायचं. सहा प्रश्न पहिल्यांदा कळलेच नाहीत. त्यांतले चार दुसऱ्यांदा ऐकल्यावर उलगडले. दोन आदराच्या रूपांमुळे अडले. तीन प्रश्नांचा अर्थ मराठीत बरोबर सांगितला, पण जपानी वाक्य जुळेना. एक नीट जमला.

या वर्गवारीवर माझा फार भर असतो, कारण तिन्हींवर उपाय वेगळा आहे. दुसऱ्यांदा ऐकून कळतं, त्यांना वेळ मागायला शिकवायचं. तिला मी "मोउ इचिदो ओनेगाइशिमासु", म्हणजे "पुन्हा एकदा सांगा", हे आरशासमोर म्हणायला लावलं, जीभ न अडखळता येईपर्यंत. आदराची रूपं रोजच्या रूपाच्या शेजारी लिहून जोडीने पाठ करायची. आणि अर्थ कळतो पण वाक्य येत नाही, त्यांनी रोज दीड मिनिट फोनवर स्वतःच्या कामाबद्दल बोलून रेकॉर्ड करावं: काल कोणता दोष सापडला, का आला, कोणाला सांगितलं. इंटरव्ह्यूत काम विचारतात, फुजीचा डोंगर नाही.

"मग एन-टूचा क्लास लावू का?" तिने मध्येच विचारलं.

"लाव, पण आत्ता नको." अनेक कंपन्या बायोडेटा निवडताना एन-टू बघतात, हे खरं. पण त्या परीक्षेतही बोलणं नसतं. ऐकण्यात ३०च्या खाली असताना वरच्या पातळीला धावणाऱ्यांचा कागद वाढतो आणि घसा तसाच कोरडा राहतो, हे मी पुष्कळ जणांत पाहिलं आहे.

दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूनंतर तिचा फोन आला. पहिला प्रश्न पुन्हा "ओसुमाइ"चाच होता.

"कोथरूड नि सुंदे इमासु, म्हटलं. मग त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं. मी म्हटलं, मोउ इचिदो. त्यांनी तेच सोपं करून सांगितलं, मॅडम! ऑफिसला यायला किती वेळ लागतो, एवढंच होतं."




"मग काय सांगितलंस?"

"एक तास. पावसात दोन."