आमिर म्हणजे श्रीमंत नव्हे

प्रश्न: बाळाच्या नावांवर मराठीत लेख लिहितेय. अरबी-फारसी नावांचे अर्थ एकेका शब्दात दिले तर चालेल का? खात्रीचे अर्थ कुठून घ्यावेत?

एक शब्द चालेल, पण आधी ते नाव उर्दूत कसं लिहितात ते बघा. देवनागरी पाहून अर्थ लावू नका. बहुतेक चुका तिथेच होतात.

मी वाळपईची. शिक्षण मराठीतून, उर्दू घरात शिकले. भावाला मुलगा झाला त्याच सुमारास गोव्यातल्या एका नियतकालिकाने माझ्याकडून नावांवर लेख मागवला. भाच्याचं नाव आमिर, म्हणून तेही यादीत घातलं आणि समोर लिहिलं, ‘भरभराटीचा, वस्तीने गजबजलेला’. अंक हातात आला तर छापलेलं, ‘आमिर : श्रीमंत, धनवान’. मला न विचारता बदललं होतं. फोन केला तर संपादक म्हणाले, “अहो, अमीर म्हणजे श्रीमंत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमचा अर्थ वाचकाला कळणार नाही.”

आता नीट बघा. आमिर हे नाव ऐन, अलिफ, मीम, रे असं लिहितात. अमीर लिहितात अलिफ, मीम, ये, रे. म्हणजे पहिलं अक्षरच वेगळं. ऐनचा घशातून येणारा उच्चार आपल्याकडे होत नाही, त्यामुळे देवनागरीत दोन्ही ‘अ-आ’वर येऊन थांबतात. शिवाय जन्मदाखल्यावर रोमन लिपीत बऱ्याचदा दोन्हींचं स्पेलिंग एकच पडतं, आणि तिथून परत मराठीत आणताना कुठली वेलांटी ऱ्हस्व, कुठली दीर्घ याचा पत्ता राहत नाही.

ऐन-मीम-रे या धातूत वसणं, नांदणं, बांधणं हे अर्थ आहेत. आपली ‘इमारत’ याच धातूतली. आमिर म्हणजे जिथे माणसं नांदतात, जे ओसाड नाही ते. अलिफ-मीम-रे या धातूत हुकूम आहे, म्हणून अमीर म्हणजे हुकूम देणारा, सरदार. त्याचं अनेकवचन उमरा, त्यावरून आपला ‘उमराव’. पैसेवाला हा अर्थ पुढे चिकटला, कारण सरदारांकडे पैसा असायचा. म्हणजे संपादकांनी छापलेला अर्थ आमिरचा तर नव्हताच, अमीरचाही मूळ अर्थ नव्हता. आणि ‘इमारत’ ज्याला कळते त्याला माझा अर्थ का कळू नये? माझ्या भावजयीने तो अंक बाळंतपणाच्या कपड्यांसोबत जपून ठेवायला म्हणून मागून घेतला होता. तो वाचून ती गप्पच झाली. मला आजही त्याचा राग येतो.

तुम्हाला दुसरा धोका आहे तो मराठीतल्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. नूरुद्दीनमधला दीन म्हणजे धर्म. नूरुद्दीन म्हणजे धर्माचा प्रकाश. ‘दीनांचा प्रकाश’ असं मी छापलेलं पाहिलं आहे. आणि ‘अब्दुल : दास’ असं अर्धवट देऊ नका. अब्दुल म्हणजे ‘…चा दास’, पुढे कोणाचा ते हवंच. अब्दुल करीम म्हणजे उदार असलेल्या ईश्वराचा दास.

एका शब्दात अर्थ नेमका बसतो अशीही नावं आहेत, पण तिथेच लोक आळस करतात. सुरैया हे अरबी, परवीन हे फारसी. दोन्हींसमोर ‘तारा’ किंवा ‘सुंदर’ लिहून मोकळे होतात. दोन्ही नावं एकाच तारकापुंजाची आहेत आणि तो आपल्या ओळखीचा आहे, कृत्तिका. ‘सुरैया : कृत्तिका नक्षत्र’ एवढं लिहिलंत की पंचांग बघणाऱ्या आजीलाही ते डोळ्यांसमोर दिसेल.

खात्रीसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश बघा. फारसीतून आलेले पुष्कळ अरबी शब्दही त्यात सापडतात. मात्र तो शब्दांचा कोश आहे, नावांचा नाही. घरच्यांनी आजोबांची आठवण म्हणून नाव ठेवलं असेल तर ते कोशात मिळणार नाही, ते त्यांनाच विचारावं लागेल. समीरसारखं नावही आधी घरात विचारा. संस्कृतात तो वारा, अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती, आणि दोन्ही बरोबर.

एवढं करून संपादकाने अर्थ बदलायला घेतला, तर छापण्याआधी मुद्रित हातात मागा. देत नसतील तर लेखावरचं आपलं नाव काढून घ्या. मी तेव्हाच घ्यायला हवं होतं असं भाऊ म्हणतो. माझं म्हणणं आहे की नाव काढायची वेळ त्यांनी आणायलाच नको होती.